डोळ्यातला हिरवा डाग

घरातल्या कुणा ज्येष्ठाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की पुढचे काही आठवडे डोळ्यांत थेंब घालण्याचे वेळापत्रक काटेकोर पाळले जाते. डोळा बरा होतो, वेळापत्रक संपते आणि अर्धी उरलेली बाटली फ्रीजच्या दारात तशीच राहते. त्या थेंबांत पुष्कळदा दोन औषधे एकत्र असतात. एक जंतू मारणारे अँटिबायोटिक आणि दुसरे सूज उतरवणारे स्टिरॉइड. ऑपरेशन झालेल्या डोळ्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ते औषध योग्यच होते. पण काही महिन्यांनी घरातल्या कुत्र्याचा डोळा लाल दिसतो, त्यातून पाणी येते, आणि कुणाला तरी ती बाटली आठवते. कुत्र्याच्या त्या डोळ्याला जखम झालेली असेल, तर त्या थेंबांनी आठवडाभरात डोळा गमावण्याची पाळी येऊ शकते.

ही जखम असते कॉर्नियावर. कॉर्निया, म्हणजेच पारपटल, हा बुबुळाच्या पुढचा पारदर्शक भाग. कुत्र्यात त्याची जाडी जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. एवढ्याशा जाडीत थर मात्र वेगवेगळे आहेत, आणि पुढची सगळी गोष्ट या थरांवरच अवलंबून आहे. सर्वांत बाहेर पेशींची पातळ त्वचा असते. तिच्या पेशींची आवरणे स्निग्ध असतात आणि पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून पाण्यात विरघळणारा पदार्थ त्यातून सहज आत जात नाही. तिच्याखाली स्ट्रोमा नावाचा मुख्य थर, कॉर्नियाच्या जाडीचा सुमारे नऊ-दशांश भाग. तो कोलॅजन या प्रथिनाच्या अतिशय शिस्तीत रचलेल्या तंतूंचा बनलेला असतो आणि त्यात पाणी भरपूर असते. त्याच्या मागे देसमेचे पटल हा एक लवचीक, अतिशय पातळ पडदा, आणि त्यालाही आतून अस्तर लावणारा पेशींचा एकेरी थर. त्यापलीकडे डोळ्यातले द्रव.

बाहेरची त्वचा निघून खालचा स्ट्रोमा उघडा पडला, की त्याला कॉर्नियाचा अल्सर किंवा व्रण म्हणतात. मांजराचे नख, गवताचे कुसळ, पापणीच्या आतल्या बाजूला वाकडा उगवलेला केस, आंघोळीच्या वेळी डोळ्यात गेलेला शाम्पू, अश्रू कमी तयार होणे, अशी कितीतरी कारणे असतात. पग, शित्झू, पेकिनीज अशा चपट्या नाकाच्या जातींना हा त्रास फार होतो, कारण त्यांचे डोळे पुढे आलेले असतात, पापण्या पूर्ण मिटत नाहीत, आणि नाकावरच्या घडीचे केस कॉर्नियाला घासत राहतात. त्यांच्या कॉर्नियाची संवेदनाही इतर कुत्र्यांपेक्षा कमी असते. ओरखडा लवकर जाणवतच नाही, मग डोळा मिचकावून वाचवण्याची प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावते.

लाल, पाणावलेला, अर्धा मिटलेला डोळा पाहून आत जखम आहे की नाही, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. साधी डोळे येण्याची साथ, डोळ्याच्या आतली सूज, डोळ्यातला वाढलेला दाब, कोरडा डोळा आणि कॉर्नियाचा अल्सर या सगळ्यांत डोळा लालच होतो. वेदनेवरूनही अंदाज चुकतो. कॉर्नियातले बहुतेक मज्जातंतूंचे शेंडे वरच्या थरात असतात, म्हणून वरवरच्या ओरखड्याने कुत्रा डोळा उघडत नाही, आणि खोल, धोकादायक व्रण असलेला कुत्रा कधी कधी त्यामानाने शांत दिसतो. निर्णय करायला दुसरे काही साधन हवे, आणि ते साधन आहे एक रंग.

फ्लोरेसिन हा रंग जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केला. तो पाण्यात विरघळतो, आणि निळा प्रकाश पडला की हिरवा चमकतो. दवाखान्यात तो कागदाच्या छोट्या निर्जंतुक पट्टीच्या टोकावर नारिंगी ठिपक्यासारखा वाळवलेला असतो. पट्टीवर सलाइनचा थेंब टाकायचा, वरची पापणी उचलून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला ते ओले टोक हलकेच टेकवायचे आणि कुत्र्याला डोळा मिचकावू द्यायचा. पट्टी थेट कॉर्नियाला लावली, तर तिथे उगीचच रंगाचा ठसा उमटतो आणि जखम नसताना असल्याचा भास होतो. मग सलाइनने डोळा नीट धुवायचा. हे धुणे अनेकदा घाईत उरकले जाते, आणि चिपडाला किंवा कॉर्नियावरच्या खोलगट भागात साचलेला रंग जखमेसारखा दिसतो. शेवटी खोलीतले दिवे घालवून निळ्या प्रकाशात पाहायचे.

त्वचा अखंड असेल तर रंग धुऊन निघतो. जिथे त्वचा नाही, तिथे खालचा पाणीदार स्ट्रोमा तो शोषून घेतो आणि गडद हिरवा डाग चमकू लागतो. परीक्षेचे तत्त्व एवढेच. पाच मिनिटांत उत्तर मिळते, खर्च किरकोळ असतो, आणि कुत्र्याला फारसा त्रासही होत नाही. त्याआधी अश्रूंची पट्टी लावून एका मिनिटात ती किती भिजते हे मोजतात. १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भिजली तर अश्रू पुरेसे, १० च्या खाली गेली तर डोळा कोरडा असल्याची शंका. ही मोजणी रंगाच्या आणि बधिर करणाऱ्या थेंबांच्या आधीच करावी लागते, नाहीतर आकडा खोटा येतो.

डाग आहे की नाही, एवढ्यावर मात्र थांबता येत नाही. तो कसा दिसतो हे वाचावे लागते. कडा रेखीव, तळ सपाट आणि फिकट असेल तर जखम वरवरची आहे. बॉक्सर कुत्र्यांत, आणि म्हाताऱ्या झालेल्या इतर जातींतही, एक वेगळा प्रकार दिसतो. तिथे त्वचा वाढते, पण खालच्या थराला चिकटत नाही. त्यामुळे रंग सैल कडेच्या आत शिरतो, आणि गडद डागाभोवती अंधुक हिरवे वलय दिसते. हा व्रण खोल जात नाही, पण आठवडेच्या आठवडे भरतही नाही. सैल त्वचा काढून तळ खरवडल्याशिवाय तो बरा होत नाही, नुसती थेंबांची बाटली बदलून काही उपयोग होत नाही.

सर्वांत फसवा नमुना वेगळाच आहे. व्रण खोल जात जात सगळा स्ट्रोमा संपला, तर तळाशी देसमेचे पटल उघडे पडते. हे पटल फ्लोरेसिन शोषत नाही. म्हणून मध्यभागी काळसर, स्वच्छ, न रंगलेला गोल आणि भोवती हिरवी कड, असे दृश्य दिसते. मधला भाग रंगला नाही याचा अर्थ जखम भरली असा घेतला, तर ती फार मोठी चूक ठरते. तिथे डोळा फुटायला एका पातळ पडद्याचाच आधार उरलेला असतो. कुत्रा जोरात भुंकला, गळ्याचा पट्टा ओढला गेला किंवा तपासताना पापणीवर दाब पडला, तरी तो पडदा फाटू शकतो. भरून आलेल्या जुन्या खड्ड्यातही मधला भाग रंगत नाही, पण त्याच्या उतरणीही रंगत नाहीत, कारण नवी त्वचा तळापर्यंत पसरलेली असते. भोवतालची कड रंगली की नाही, हा फरक पाहण्यासाठी भिंगातून आणि बाजूने प्रकाश टाकून पाहावे लागते.

आमच्या दवाखान्यात आलेल्या एका पग कुत्रीचे उदाहरण सविस्तर सांगतो, कारण वर लिहिलेले जवळजवळ सगळे त्यात क्रमाने घडले. पाच वर्षांची ही कुत्री सोमवारी संध्याकाळी गॅलरीत कोरफडीच्या कुंडीत तोंड घालून हुंगत होती. रात्री उजवा डोळा मिटलेला आणि पाणावलेला दिसला. मंगळवारी सकाळी घरच्यांनी आजींच्या मोतीबिंदूनंतर उरलेले थेंब सुरू केले, दिवसातून चार वेळा. त्यात अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड होते.

“डॉक्टर, बुधवारी तर डोळा छान उघडला होता हो,” घरातले काका मला सांगत होते. “लाली गेली, पाणी थांबलं. मग गुरुवारी सकाळी बघतो तर डोळा निळसर. आज तर काहीतरी लोंबतंय.”

शुक्रवारी ती माझ्यासमोर टेबलावर होती. कॉर्नियाच्या मध्यभागी सुमारे सहा मिलिमीटर रुंदीचा व्रण, अर्ध्या जाडीपर्यंत खोल. कडा रेखीव नव्हत्या. तळ भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखा मऊ, राखाडी आणि बुळबुळीत झाला होता, आणि त्यातला थोडा भाग खालच्या पापणीवर ओघळला होता. चिपड पिवळट हिरवे. फ्लोरेसिन टाकल्यावर सगळा भाग रंगला, पण डागाची सीमा कुठे संपते ते ठरवता येईना, कारण भोवतालचा स्ट्रोमाही विरघळायला लागला होता. याला वितळणारा अल्सर म्हणतात. व्रणाच्या कडेवरून पेशींचा नमुना घेऊन काचपट्टीवर पाहिला तेव्हा काडीच्या आकाराचे जंतू दिसले. नंतर आलेल्या कल्चरच्या अहवालात ते स्यूडोमोनास निघाले.

बुधवारी डोळा खरोखरच बरा दिसत होता, यात काकांची नजर चुकली नव्हती. स्टिरॉइड घातले की सुजेच्या खुणा ओसरतात. रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, पाणी कमी होते. जखम मात्र तिथेच असते. सुरुवातीचे दोन दिवस बरे वाटते म्हणून पशुवैद्याकडे जाणे पुढे ढकलले जाते, आणि नुकसान नेमके त्याच दोन दिवसांत होते.

ते कसे होते, हे थोडे सविस्तर पाहायला हवे. साधा ओरखडा स्वतःहून भरतो, आणि फार लवकर भरतो. काही तासांतच जखमेच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन सरकू लागतात आणि उघड्या भागावर पसरतात. मग कॉर्नियाच्या काठावरून नव्या पेशी तयार होऊन येतात. कारण दूर झालेले असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर साधा व्रण पाच ते सात दिवसांत बंद होतो. स्टिरॉइडमुळे हे सरकणे आणि पेशींचे वाढणे मंदावते, आणि जखम जास्त वेळ उघडी राहते.

उघड्या जखमेत जंतू शिरतात. त्यांना अडवायला पांढऱ्या पेशी लागतात, आणि स्टिरॉइड नेमके त्या पेशींना तिथवर पोचण्यापासून आणि काम करण्यापासून रोखते. सोबत अँटिबायोटिक आहे ना, असे काका म्हणाले. अनेकजण तसेच म्हणतात. पण बाटलीतले अँटिबायोटिक सगळ्या जंतूंवर चालतेच असे नाही, आणि स्यूडोमोनास तर औषधांना दाद न देण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. चालले तरी ते फक्त जंतू मारते. कॉर्निया वितळवणारी गोष्ट निराळी आहे.

ती गोष्ट म्हणजे कोलॅजन कापणारी एन्झाइम, त्यांना कोलॅजिनेज म्हणतात. जखमेतली मेलेली ऊती साफ करायला शरीर स्वतःच ती थोड्या प्रमाणात तयार करते, आणि जंतूही आपली वेगळी एन्झाइम सोडतात. ही कापणी आणि नवी बांधणी यांचा तोल असतो. स्टिरॉइडमुळे कापणीचे काम अनेक पटींनी वाढते आणि बांधणी थांबते. कॉर्नियाच्या पारदर्शकतेचे सगळे रहस्य तंतूंच्या त्या शिस्तबद्ध रचनेत आहे, आणि तीच रचना तुटून तिचा बुळबुळीत गोळा होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला भोक पडायला एक-दोन दिवस पुरतात, कधी काही तासही. खोल जखमेला शेवटी वाचवतात त्या काठावरून आत येणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या. काही दिवसांच्या तयारीनंतर त्या रोज साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढत येतात. स्टिरॉइड त्यांनाही थोपवते.

त्या कुत्रीचे स्टिरॉइड तत्काळ थांबवले आणि तिला दाखल करून घेतले. स्यूडोमोनासवर चालणारे अँटिबायोटिक दर तासाला, रात्रीसुद्धा. वितळणे थांबवायला तिच्याच रक्तातून वेगळा केलेला सिरम थेंबांच्या रूपात, दर एक-दोन तासांनी. सिरममध्ये अशी प्रथिने असतात जी ही एन्झाइम पकडून निकामी करतात. तो निर्जंतुक पद्धतीने काढून फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि काही दिवसांनी ताजा करावा लागतो. दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटांचे अंतर, नाहीतर दुसरे औषध पहिल्याला धुऊन टाकते. डोळ्याच्या आतल्या स्नायूचा वेदनादायक ताण सोडवायला अ‍ॅट्रोपिन. ते अश्रू कमी करते, म्हणून कोरड्या डोळ्यात जपून वापरावे लागते. हिच्या दुसऱ्या डोळ्याची अश्रूपट्टी १६ मिलिमीटर भिजली होती, त्यामुळे ते देता आले. पोटातून वेदनाशामक, आणि गळ्यात प्लास्टिकची नरसाळ्याच्या आकाराची कॉलर, पंजाने डोळा घासू नये म्हणून.

शनिवारी संध्याकाळी तळ थोडा घट्ट वाटला. औषध लागू पडत होते. पण रविवारी पुन्हा रंग घातला तेव्हा हिरव्या डागाच्या मधोमध दीड-दोन मिलिमीटरचा काळसर, न रंगलेला गोल दिसला. जंतू आणि एन्झाइम आटोक्यात येण्याआधीच तिथला स्ट्रोमा संपला होता आणि देसमेचे पटल उघडे पडले होते. आता थेंबांवर भरवसा ठेवून थांबणे शक्य नव्हते. नेत्रशस्त्रक्रिया करणाऱ्या सहकाऱ्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाची एक पट्टी सोडवून, ती वळवून, केसापेक्षा बारीक धाग्याने त्या खड्ड्यावर शिवली. ही पट्टी भोक बुजवते आणि स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधून रक्तही पुरवते, त्यातूनच पांढऱ्या पेशी आणि एन्झाइम आवरणारी प्रथिने जखमेपर्यंत पोचतात. काही आठवड्यांनी, जागा घट्ट झाल्यावर, पट्टीचा रक्त पुरवणारा देठ कापला. डोळा राहिला. मध्यभागी गुलाबी पांढरा डाग कायमचा आहे, त्याच्या कडेने तिला दिसते.

मंगळवारीच रंगाची पट्टी लावली असती, तर बहुधा रेखीव कडेचा छोटा हिरवा डाग दिसला असता. साधे अँटिबायोटिकचे थेंब, कॉलर आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासणी, एवढ्यात भागण्यासारखी ती जखम होती. पुन्हा तपासताना डाग लहान होतोय का, हे पाहिले जाते. आठवड्यात जो व्रण बंद होत नाही, त्याला अँटिबायोटिक बदलून देण्यापेक्षा कारण शोधणे महत्त्वाचे असते: पापणीतला केस, पापणीमागे अडकलेले कुसळ, कोरडेपणा, न चिकटणारी त्वचा किंवा संसर्ग.

स्टिरॉइडचे थेंब कुत्र्यांच्या डोळ्यांसाठी वाईटच, असा याचा अर्थ नाही. जर्मन शेफर्डमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच कॉर्नियावर हल्ला करते असा एक आजार होतो. त्यात काठावरून लालसर, मग काळपट पडदा आत सरकतो, आणि स्टिरॉइडशिवाय अशा कुत्र्याची दृष्टी जाऊ शकते. डोळ्याच्या आतल्या काही सुजांमध्येही ते लागते. पण त्याही कुत्र्यांत आधी फ्लोरेसिनची परीक्षा होते आणि डाग नसेल तरच थेंब सुरू होतात. शिवाय ते उत्तर त्या दिवसापुरतेच असते. महिनाभर स्टिरॉइड चालू असलेला कुत्रा उद्या झुडपात घुसून ओरखडा घेऊन आला, डोळा मिचकावू लागला, तर मागच्या परीक्षेचा आधार घेता येत नाही. थेंब थांबवून पुन्हा रंग घालावा लागतो.

जखमेच्या डोळ्यात आणखी दोन प्रकारचे थेंब त्रासदायक ठरतात. स्टिरॉइड नसलेले सूजविरोधी थेंब, जसे केटोरोलॅक, फ्लर्बिप्रोफेन, डायक्लोफेनॅक, हे स्टिरॉइडइतके घातक नसले तरी त्वचा भरणे लांबवतात, आणि वितळण्याच्या काही घटनांशी त्यांचाही संबंध जोडला गेला आहे. बधिर करणारे थेंब तपासणीपुरते एक-दोन वेळा चालतात. घरी देत राहिले तर ते पेशींना मारक ठरतात.

बाटलीवरचे नाव वाचता आले तर धोका ओळखता येतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी काही घटकांमध्ये लिहिलेले असेल, तर ते स्टिरॉइड आहे. बाजारातल्या नावांत अँटिबायोटिकच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘पी’ असे एखादे अक्षर जोडलेले असते, आणि घाईत तेच वाचायचे राहून जाते.

कुत्रा डोळा मिटून बसला, पंजाने घासू लागला, किंवा कॉर्नियावर निळसर ढग दिसला, तर दवाखान्यात नेईपर्यंत करण्यासारखे थोडेच आहे. घरात कॉलर असेल तर ती घालावी. धूळ गेल्यासारखी वाटली तर निर्जंतुक सलाइनने डोळा हलकेच धुवावा. पापण्या बोटांनी दाबून उघडू नयेत. कुत्र्याला गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीच्या पट्ट्याने न्यावे, म्हणजे ओढाओढीत डोळ्यातला दाब वाढणार नाही. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. आधी कुठलेही थेंब घातले असतील तर ती बाटली सोबत न्यावी, आणि किती वेळा, केव्हापासून घातले ते स्पष्ट सांगावे. खाज कमी व्हावी म्हणून गेल्या काही आठवड्यांत स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील, तर तेही सांगावे, कारण रक्तातून पोचणारे स्टिरॉइडही जखम भरणे मंदावते, आणि त्या कुत्र्याची पुढची तपासणी पशुवैद्य एरवीपेक्षा लवकर ठेवतील.